वर्षाच्या चित्राखालचे चार परिच्छेद: चष्मा प्रकल्पाच्या नोंदी

६ जानेवारी २०२५

शाळांमध्ये मुलांची नजर तपासून गरज असेल त्यांना चष्मा देण्याच्या आपल्या प्रकल्पाचं वर्ष ३१ डिसेंबरला संपलं. देणगीदारांना दरवर्षी आपण एक चित्र आणि त्याखाली थोडा मजकूर पाठवतो, तो लिहायचं काम यंदा माझ्याकडे आहे. सविस्तर अहवाल वेगळा निघतो. पण तो वाचणारे मोजके असतात आणि हा मजकूर मात्र जवळपास सगळे वाचतात. वर्षभर ज्यांच्या पैशावर काम चाललं, त्यांच्यातल्या बहुतेकांना आपल्या कामाबद्दल एवढंच कळणार आहे. म्हणून अहवालाइतकीच काटेकोर तपासणी याही आकड्यांची व्हायला हवी.

सहकाऱ्याने एक कच्चा मसुदा दिला आहे: '४,११८ मुलांच्या आयुष्यात प्रकाश! तुमच्यामुळेच!' उत्साह खरा आहे आणि ४,११८ हा आकडाही आपल्याच नोंदवहीतला आहे. पण तो कशाचा आकडा आहे हे या ओळीतून कळत नाही. ४,११८ जणांना चष्मे दिले असं वाचणारा समजेल. प्रत्यक्षात त्या ४,११८ तपासणीच्या नोंदी आहेत. आधी या आकड्याचा शेवटपर्यंत माग काढायचा आणि मगच शब्दांना हात घालायचा, असं ठरवलं.

८ जानेवारी

दिवसभर नोंदवह्या. ४,११८ नोंदी म्हणजे ४,११८ मुलं नव्हेत, कारण नजर तपासण्याच्या तक्त्यावर अडलेल्या मुलाला आपण काही दिवसांनी पुन्हा उभं करतो आणि त्याची दुसरी नोंद होते. काही मुलं वर्षाच्या मध्यात एका शाळेतून दुसरीत गेली आणि दोन्हीकडे तपासली गेली. शिवाय यादी दोन हातांनी भरली की तेच नाव दोनदा येतं.

नुसत्या नावावरून जुळणी केली तर संगणक फसतो. 'श्रुति' आणि 'श्रुती', 'अनिरुध्द' आणि 'अनिरुद्ध' ही त्याला वेगवेगळी माणसं वाटतात. नावाच्या शेवटी चुकून एक मोकळी जागा राहिली तरी तेच होतं. म्हणून जन्मतारीख, पालकांचं नाव आणि इयत्ता या तिन्हींवर जुळणी लावली आणि जिथे दोन गोष्टी जुळल्या पण तिसरी नाही, त्या जोड्या डोळ्यांनी पाहिल्या. उलटा धोका जुळ्या भावंडांचा असतो. जन्मतारीख, पालक, शाळा, इयत्ता सगळं एकच, त्यामुळे दोन मुलांचं एक होऊन जातं. नोंदवहीचं काम पाहणाऱ्या ताईंना अशा जोड्या तोंडपाठ होत्या. त्या नसत्या तर काही मुलं हिशेबातून गळालीच असती.

४७६ नोंदी दुबार निघाल्या. म्हणजे तपासलेली मुलं ३,६४२.

गेल्या वर्षीच्या मजकुरात आपण नोंदी दिल्या होत्या, मुलं नव्हे. आता पद्धत बदलल्यावर जुना आकडा शेजारी ठेवला तर काम घटल्यासारखं दिसेल किंवा वाढ चुकीची दिसेल. म्हणून २०२३ च्या वहीलाही हीच चाळणी लावली: ३,३०५ नोंदींमागे २,९६१ मुलं. तुलना करायचीच असेल तर ती २,९६१ आणि ३,६४२ यांची. सविस्तर अहवालात हे दोन्ही आकडे आणि पद्धत बदलल्याची सूचना जाईल. चित्राखालच्या मजकुरात गेल्या वर्षाशी तुलना घालायची नाही, असं माझं मत. तिथे पद्धत समजावायला जागा नाही आणि न समजावता तुलना दिली तर ती दिशाभूल ठरते.

११ जानेवारी

तपासलेल्या मुलापासून चष्म्यापर्यंतचा प्रवास आज कागदावर मांडला. शाळेत आपण सहा मीटरवरून तक्ता दाखवतो. अक्षरं न येणाऱ्या लहान मुलांसाठी चारी दिशांना तोंड केलेल्या 'ई'चा तक्ता असतो आणि मूल हाताने दिशा दाखवतं. एखाद्या डोळ्याने ६/१२ ची ओळ वाचता आली नाही, म्हणजे सामान्य नजरेला बारा मीटरवरून दिसणारी ओळ सहा मीटरवरूनही दिसली नाही, की मूल पुढच्या तपासणीला जातं. हा निर्णय शिक्षक किंवा स्वयंसेवक घेतात. चष्म्याचा नंबर काढणं हे दृष्टितज्ज्ञाचं काम.

३,६४२ मुलांपैकी ५११ तक्त्यावर अडली. त्यातली ४६३ दृष्टितज्ज्ञापर्यंत पोहोचली. ३९८ जणांना चष्मा लागला. वर्षअखेरपर्यंत ३७१ जणांच्या हातात तो पडला.

मध्ये गळलेल्यांची दखल घेतल्याशिवाय ही साखळी पुरी होत नाही. ५११ मधली ४८ मुलं दुसऱ्या तपासणीला आलीच नाहीत. आपल्या कामातली सर्वात मोठी गळती हीच आहे, कारण या मुलांना कमी दिसतं असा संशय आपल्याला आहे आणि तरी पुढे काही झालेलं नाही. ४६३ मधल्या ६५ जणांना चष्मा लागला नाही. त्यातल्या ११ जणांचा त्रास चष्म्याने सुटणारा नव्हता, त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरांकडे पाठवलं. उरलेली ५४ मुलं तक्त्यावर अडली होती, पण दृष्टितज्ज्ञाने पाहिलं तेव्हा नजर ठीक निघाली. हे काही अपयश नव्हे. प्राथमिक चाळणी थोडी सैल ठेवावी लागते, नाहीतर खरी गरज असलेली मुलं निसटतात. ३९८ मधल्या २७ जणांचे चष्मे डिसेंबरअखेर तयार होत होते किंवा वाटेत होते. ते ३७१ मध्ये धरायचे नाहीत. 'दिले' म्हणजे मुलाच्या नाकावर बसवून, कानामागच्या दांड्या नीट करून, वहीवर सही घेतलेले.

एक हिशेब मुद्दाम करून पाहिला. ३,६४२ ला ३७१ ने भागलं तर ९.८ येतात. एका चष्म्यासाठी जवळजवळ दहा मुलांची नजर तपासावी लागते. फ्रेम आणि काचांची किंमत सांगून 'एवढ्यात एक मूल' म्हणणाऱ्या आवाहनात नेमका हाच खर्च दिसत नाही.

१४ जानेवारी

आजचा प्रश्न सर्वात महत्त्वाचा होता. चष्मा दिला, पण मूल तो घालतं का?

चष्मा देणं हे आपलं काम झालं. मुलाला फळा दिसणं हा त्या कामाचा परिणाम. दोन्हींच्या मध्ये खूप काही घडतं: दांडी मोडते, वर्गात चिडवतात, घरी 'सवय लागेल, नंबर वाढेल' म्हणून काढून ठेवायला सांगतात. (योग्य नंबरच्या चष्म्याने नंबर वाढत नाही. पण ही समजूत इतकी घट्ट आहे की पालकांशी बोलल्याशिवाय चष्मा टिकत नाही.) म्हणून गेल्या जानेवारीतच ठरवलं होतं की चष्मा दिल्यावर तीन महिन्यांनी शाळेत न कळवता जायचं आणि मुलाच्या डोळ्यांवर त्या क्षणी चष्मा आहे का, एवढंच पाहायचं. मुलाला विचारून मोजलं तर आकडा फुगतो. ज्याने चष्मा दिला तोच विचारत असेल, तर मूल 'घालतो' म्हणणारच.

३० सप्टेंबरपर्यंत ३०९ चष्मे दिले होते. बाकीचे ६२ ऑक्टोबर ते डिसेंबरमधले, त्यांचे तीन महिने वर्षअखेर पुरे झाले नव्हते. ते या हिशेबात येऊ शकत नाहीत, चांगल्या बाजूनेही नाही आणि वाईट बाजूनेही नाही.

३०९ पैकी २५८ मुलं भेटली. १५९ जणांच्या डोळ्यांवर चष्मा होता. ३८ जणांचा दप्तरात होता. ६१ जणांकडे नव्हता.

आता टक्केवारी काढताना भाजक कोणता? भेटलेल्या २५८ ने भागलं तर ६१.६ टक्के येतात, ३०९ ने भागलं तर ५१.५. दोन्ही गणितं बरोबर आहेत, पण उत्तरं वेगवेगळ्या प्रश्नांची आहेत. ५१ मुलं भेटली नाहीत, त्यातली १९ त्या दिवशी गैरहजर होती, २४ शाळा सोडून गेली होती आणि एका शाळेला अचानक सुट्टी असल्याने तिथली ८ राहिली. सुट्टी सगळ्यांनाच असल्याने त्या आठांबद्दल काही शंका घ्यायचं कारण नाही. पण गैरहजर राहणारी आणि शाळा सोडणारी मुलं हजर मुलांसारखीच असतील, असं धरता येत नाही. त्यांच्या घरी अडचणी जास्त असण्याची शक्यता आहे आणि चष्मा टिकण्याची कमी.

म्हणून दोन टोकं काढली. न भेटलेल्या ५१ मधल्या एकानेही चष्मा घातला नसेल तर ३०९ पैकी १५९, म्हणजे ५१ टक्क्यांच्या थोडं वर. सगळ्यांनी घातला असेल तर २१०, म्हणजे ६८ टक्के. खरं उत्तर या दोन टोकांच्या मध्ये कुठेतरी आहे. सविस्तर अहवालात ही पट्टी तशीच द्यायची. छोट्या मजकुरात टक्के न लिहिता मुलं लिहायची: 'भेटलेल्या २५८ पैकी १५९'. अशा वाक्यात भाजक लपत नाही आणि ज्याला टक्केवारी हवी तो स्वतः काढू शकतो. न भेटलेली ५१ मुलंही त्याच मजकुरात सांगायची.

संध्याकाळी दप्तरातल्या ३८ चष्म्यांवरून बराच वेळ बोलणं झालं. ते धरले तर १९७ होतात आणि '७६ टक्के' म्हणता येतं. एका कार्यकर्त्याचं म्हणणं रास्त होतं: खेळाच्या तासाला मूल चष्मा काढून ठेवतं, मग त्याला 'घालत नाही' कसं म्हणायचं? पण वर्षाच्या सुरुवातीला आपण 'डोळ्यांवर' हीच व्याख्या लिहून ठेवली होती. आकडे हातात आल्यावर व्याख्या बदलली, तर दरवर्षी जी व्याख्या सोयीची तीच निवडली जाईल. शेवटी असं ठरलं: मुख्य आकडा १५९ आणि दप्तरातल्या ३८ चा उल्लेख वेगळ्या वाक्यात. वाचणाऱ्याला दोन्ही दिसतील आणि काय धरायचं ते त्याचं त्याला ठरवता येईल.

१५ जानेवारी

ज्यांच्याकडे चष्मा नव्हता त्या ६१ जणांची कारणं: २२ मोडलेले किंवा वाकलेले, १७ घरी राहिलेले, ९ हरवलेले, १३ जणांनी चिडवण्यामुळे किंवा घरच्यांनी नको म्हटल्यामुळे घालणं सोडलेलं. मोडलेल्या २२ पैकी १७ आपण दुरुस्त करून दिले. दुरुस्तीनंतर ते घातले जातात की नाही हे अजून पाहिलेलं नाही, म्हणून ते १५९ मध्ये मिळवायचे नाहीत.

१८ जानेवारी

खजिनदार बाईंबरोबर हिशेब. चित्राखाली पैशाची रक्कम लिहिण्यापेक्षा दर १०० मधला वाटा सांगावा, असं आम्हा दोघांनाही वाटलं. पण हे १०० कशाचे, खर्चाचे की मिळालेल्या देणगीचे? दोन्ही आधार एकाच मजकुरात आले की वाचणारा गोंधळतो. देणगीदाराचा प्रश्न 'मी दिलेल्याचं काय झालं' हा असतो, म्हणून मिळालेल्या देणगीचा आधार घेतला: दर १०० मधले ४१ चष्म्यांवर, २४ तपासण्या आणि प्रवासावर, १० पाठपुराव्याच्या भेटी आणि दुरुस्तीवर, १३ कार्यालय, पगार आणि लेखापरीक्षणावर. १२ शिल्लक आहेत.

शिल्लक लपवायची नाही आणि ती कशासाठी हेही सांगायचं. ऑक्टोबर ते डिसेंबरमधल्या ६२ मुलांचा पाठपुरावा, अडकलेले २७ चष्मे आणि दुरुस्त्या याच पैशातून होणार आहेत. एका देणगीदाराने वर्षअखेरीस कबूल केलेली रक्कम जानेवारीत जमा झाली. ती 'मिळालेली' नव्हती, म्हणून या वर्षात नाही. कबुली आणि जमा यांची सरमिसळ झाली की पुढच्या वर्षी तीच रक्कम दुसऱ्यांदा मोजली जाते.

कार्यालयाच्या १३ बद्दल एका विश्वस्तांना काळजी वाटते. हा आकडा टाळून 'दर १०० मधले ८७ मुलांसाठी' असं लिहावं, असं त्यांनी सुचवलं. तसं लिहिलं तर ते धादांत खोटं ठरेल, कारण १२ अजून खर्चच झालेले नाहीत. आणि १३ मध्ये लाज वाटण्यासारखं काय आहे? दुबार नावं शोधणाऱ्या ताईंचा पगार त्यातच आहे. २०१३ मध्ये अमेरिकेतल्या गाइडस्टार, चॅरिटी नेव्हिगेटर आणि बीबीबी वाइज गिव्हिंग अलायन्स या तिघांनी मिळून देणगीदारांना खुलं पत्र लिहिलं होतं. नुसत्या प्रशासकीय खर्चाच्या प्रमाणावरून संस्थेची पारख करू नका, असं त्यांचं सांगणं होतं. संस्थांची माहिती देणारे आणि त्यांचं मूल्यमापन करणारेच ते म्हणत होते, हे विश्वस्तांना सांगितलं. ते पत्र वाचतो म्हणाले. आकडा राहिला.

एका चष्म्याचा खरा खर्चही काढला. ८८ खर्च झाले, त्यातले ४१ चष्म्यांचे, म्हणजे सगळा खर्च धरला तर तो नुसत्या चष्म्याच्या किमतीच्या दुपटीहून थोडा जास्त होतो. शिवाय दृष्टितज्ज्ञांनी वेळ विनामूल्य दिला, तो यात नाहीच. तो पैशात मांडून आकडा फुगवायचा नाही, पण तो नसता तर खर्च वाढला असता, हे वाक्य हवं.

२१ जानेवारी

आभार. वर्षभरात १८६ जणांनी देणगी दिली. 'तुमच्यामुळेच' हा शब्द मी काढला. देणगी नसती तर चष्मे झाले नसते, हे खरं. पण तक्त्यासमोर एकेक मूल उभं करणारे शिक्षक, नंबर काढणारे दृष्टितज्ज्ञ आणि मुलाला परत घेऊन येणारे पालक नसते तरीही झाले नसते. 'आपल्या मदतीतून' म्हटलं की देणगीदाराचा वाटा पुरेपूर राहतो आणि बाकीच्यांचा पुसला जात नाही.

'तुम्ही एका मुलाला दृष्टी दिलीत' हेही नको. आधी दृष्टी नव्हती असं त्यातून निघतं आणि मूल म्हणजे कुणाच्या उपकाराची खूण होऊन बसतं. त्याला कमी दिसत होतं, आता चष्म्याने नीट दिसतं. एवढं पुरेसं आहे, आणि मोठं आहे.

एका आजोबांनी विचारलं होतं की त्यांच्या देणगीतून कोणत्या मुलाचा चष्मा झाला. सगळ्यांचे पैसे एकत्र खर्च होतात, त्यामुळे अमुक पैसा अमुक मुलाचा असं सांगता येत नाही आणि सांगितलं तर ते बनवलेलं असेल. त्यांना तसंच कळवलं, सोबत एकत्रित आकडे पाठवले. एका देणगीदाराने मात्र फक्त पाठपुरावा आणि दुरुस्तीसाठी म्हणून पैसे दिले होते. ते वेगळ्या खात्यात ठेवले होते, म्हणून त्यांना नेमकं सांगता आलं: न कळवता केलेल्या भेटींचा बराचसा खर्च आणि १७ दुरुस्त्या. फोनवर त्या म्हणाल्या, 'मोडकं नीट करायला कुणी पैसे देत नाही, म्हणून मी दिले.' १५९ हा आकडा आपल्याला सांगता येतो तो त्यांच्यामुळे. मजकुरात पाठपुराव्यासाठी मदत करणाऱ्यांचे वेगळे आभार हवेतच.

नावं चित्राखाली द्यायची नाहीत. ३१ जणांनी नाव नको असं कळवलं आहे आणि ज्यांना विचारलंच नाही त्यांची संमती गृहीत धरता येत नाही. संमती आलेल्यांची यादी सविस्तर अहवालात जाईल, अकारविल्हे, रकमेच्या क्रमाने नव्हे. दरमहा थोडे थोडे देणाऱ्यांमुळे वर्षभराचं नियोजन करता येतं, आणि रकमेच्या क्रमात तेच तळाला जातात.

२३ जानेवारी

चित्र. चष्मा घालून हसणाऱ्या एका मुलीचा सुंदर फोटो आहे, पण पालकांची लेखी संमती फक्त नोंदीपुरती आहे, बाहेर छापण्याची नाही. पुन्हा विचारता आलं असतं. तरी मला बरं वाटेना. ज्या संस्थेने चष्मा दिला तिला पालक 'नाही' कसं म्हणणार? दुसरा फोटो निवडला: भिंतीवरचा 'ई'चा तक्ता, जमिनीवर सहा मीटरची खडूची रेघ, त्या रेघेवर दोन लहान पावलं. चेहरा नाही, शाळेचं नाव नाही, आणि तो याच वर्षीचा आहे. ज्यांना चित्र दिसत नाही त्यांच्यासाठी वर्णनही लिहिलं, तेवढंच साधं. दृष्टीच्या प्रकल्पाला हे वर्णन नसणं शोभणारं नव्हतं.

२५ जानेवारी

मसुदा तीन जणांना वाचायला दिला. तिघेही संस्थेबाहेरचे. वाचून झाल्यावर कागद काढून घेतला आणि विचारलं, 'किती मुलं चष्मा घालतात?' दोघांनी बरोबर सांगितलं. तिसरी म्हणाली, '३७१ पैकी १५९.' तिचा दोष नाही, मसुद्यात ते दोन आकडे शेजारी होते आणि २५८ पुढच्या ओळीत गेला होता. तसं वाचलं तर आपलं काम आहे त्याहून वाईट दिसतं आणि तेही चूकच. आता २५८ आणि १५९ एकाच वाक्यात आहेत.

फोनवर मजकुराच्या पहिल्या एकदोन ओळीच दिसतात, पुढचं उघडावं लागतं. म्हणून सुखावणारा आकडा वर आणि अवघड आकडा खाली, अशी मांडणी करायची नाही. ३७१ आणि १५९ दोन्ही सुरुवातीलाच.

२७ जानेवारी

विश्वस्तांची आणि लेखापरीक्षकांची संमती मिळाली. प्रत्येक आकड्यासमोर वहीचं पान लिहिलेली एक प्रत कार्यालयात ठेवली आहे, कुणालाही दाखवता येईल. अंतिम मजकूर:

'२०२४ मध्ये आपल्या मदतीतून ३७१ मुलांना चष्मे मिळाले. तीन महिन्यांनी न कळवता शाळेत गेलो, तेव्हा भेटलेल्या २५८ मुलांपैकी १५९ जणांच्या डोळ्यांवर चष्मा होता. आणखी ३८ जणांचा दप्तरात होता. ६१ जणांकडे नव्हता, मुख्यतः मोडल्यामुळे किंवा घरी राहिल्यामुळे. मोडलेल्यांपैकी १७ दुरुस्त करून दिले. ५१ मुलं भेटली नाहीत आणि ६२ जणांचे तीन महिने वर्षअखेर पुरे झाले नव्हते.

या ३७१ चष्म्यांसाठी ३,६४२ मुलांची नजर तपासली. ज्यांना पुढच्या तपासणीची गरज होती त्यातली ४८ मुलं तिथवर पोहोचली नाहीत. २७ जणांचे चष्मे वर्षअखेर द्यायचे राहिले.

मिळालेल्या दर १०० मधले ४१ चष्म्यांवर, २४ तपासण्या आणि प्रवासावर, १० पाठपुरावा आणि दुरुस्तीवर, १३ कार्यालय, पगार आणि लेखापरीक्षणावर खर्च झाले. १२ शिल्लक आहेत, ते राहिलेले चष्मे, दुरुस्त्या आणि भेटींसाठी. दृष्टितज्ज्ञांनी वेळ विनामूल्य दिला, नाहीतर खर्च वाढला असता.

१८६ देणगीदारांचे मनापासून आभार. दरमहा देणाऱ्यांमुळे वर्षाचं काम आखता आलं. पाठपुराव्यासाठी देणाऱ्यांमुळे चष्मे वापरले जातात का, हे पाहता आलं. शिक्षक, दृष्टितज्ज्ञ आणि पालक यांचेही आभार. प्रत्येक आकड्यामागची नोंद कार्यालयात पाहता येईल.'

३ फेब्रुवारी

मजकूर गेल्यावर आलेल्या उत्तरांत दोन उल्लेखनीय होती. एकाने विचारलं, इतक्या मुलांनी चष्मा घातला नसताना पैसे द्यावेत का? त्यांना कारणांची यादी पाठवली आणि या वर्षी काय बदलतोय ते लिहिलं: फ्रेमचा रंग आणि आकार मुलांनीच निवडायचा, चष्मा देताना पालकांशी बोलणं सक्तीचं, आणि प्रत्येक शाळेत एका शिक्षकाकडे छोटा स्क्रूड्रायव्हर आणि जादा स्क्रू, कारण मोडलेल्या २२ मधल्या बऱ्याच चष्म्यांचा नुसता दांडीचा स्क्रू निसटला होता. हे बदल उपयोगी पडले की नाही ते पुढच्या जानेवारीत त्याच व्याख्येने मोजू. त्यांनी दरमहाची देणगी चालू ठेवली आहे.

दुसरं उत्तर एका शिक्षिकेचं. शाळा सोडून गेलेल्या २४ मुलांपैकी काही कोणत्या शाळेत गेली हे त्यांच्या दाखल्यांच्या वहीत आहे आणि त्या ते शोधून द्यायला तयार आहेत. अशी वही प्रत्येक शाळेत असते, ती आधीच पाहायची हे पाठपुराव्याच्या पद्धतीत लिहून घेतलं.

राहिलेल्या २७ पैकी २१ चष्मे आजवर दिले गेले. पाठवलेल्या मजकुरातला ३७१ बदलायचा नाही, तो ३१ डिसेंबरचा आकडा आहे. हे २१ चष्मे २०२५ च्या वहीत, दिल्याच्या तारखेसह. उरलेले ६ आणि गैरहजर राहिलेल्या १९ मुलांच्या भेटी याच महिन्यात. ४८ जणांच्या पालकांना फोन करण्याची यादी ताईंनी शाळेनुसार वाटून दिली आहे, उद्यापासून सुरुवात.